चौकटी मोजा: फोटो कुणाचा आणि सॅक कुणाची?

ऑनलाइन यादीत एक चौकडीची सॅक दिसते. पांढरी पार्श्वभूमी, सहा फोटो, सगळे झकास. खाली ग्राहकांनी टाकलेले दोन-चार फोटो आहेत, पलंगावर नाहीतर खुर्चीवर ठेवून घाईत काढलेले. ते बघताना काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. मग "फोटोत जरा बरं दिसतंच" असं म्हणून माणूस ऑर्डर देऊन टाकतो.

हे खटकणं मोजता येतं. सॅकसारख्या शिवलेल्या वस्तूत तर फार नेमकेपणाने मोजता येतं, आणि कापड चौकडीचं असेल तर मोजपट्टी फोटोतच छापलेली असते. म्हणून या लेखात ही एकच वस्तू घेतली आहे. पद्धत कळली की ती शर्टाला, उशीच्या अभ्र्याला किंवा सोफ्याच्या कव्हरलाही लावता येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. यादीतला फोटो विक्रेत्याने स्वतः काढलेला आहे का, हा पहिला. फोटोत दिसते तीच वस्तू तो पाठवणार आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं म्हणून लगेच चोरी ठरत नाही. कंपनी स्वतःच्या मालाचे फोटो अधिकृत विक्रेत्यांना देते आणि एकच फोटो दहा दुकानांत रीतसर दिसू शकतो. फोटो दुसऱ्याचा आणि माल तिसराच, असं असेल तर ती फसवणूक. म्हणजे निकाल लागतो तो दुसऱ्या प्रश्नावर. पण सुरुवात पहिल्यापासून करायची, कारण मूळ फोटो हातात आल्याशिवाय तुलना कशाशी करणार?

मूळ फोटो शोधणे

यादीतला फोटो पूर्ण मोठा करून उघडा आणि उतरवून घ्या. फोनवर ते जमत नसेल तर स्क्रीनशॉट घ्या, पण आजूबाजूची बटणं आणि अक्षरं कापून टाका. ती राहिली तर शोध भरकटतो. मग तो फोटो गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये, दोन्हीकडे टाका. दोघांची कामं वेगळी आहेत. लेन्स "अशाच दिसणाऱ्या" वस्तू दाखवतं, म्हणजे दुसऱ्याच कंपनीची चौकडीची सॅकही पुढे करतं. टिनआय शक्यतो तोच फोटो शोधतं, मग तो लहान केलेला असो की कापलेला. तिथे निकालांचा क्रम बदलता येतो. `Oldest` निवडलं की टिनआयला तो फोटो सर्वांत आधी कुठे सापडला ते वर येतं आणि `Biggest Image` निवडलं की सर्वांत मोठ्या आकाराची प्रत वर येते. मूळ मालकाकडे सहसा मोठी, न कापलेली प्रत असते, शिवाय त्याच उजेडात वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले आणखी फोटो असतात. उचलणाऱ्याकडे त्यातले तीन-चारच असतात आणि तेही कडेने कापलेले. `Oldest` मधली तारीख मात्र फोटो काढल्याची समजू नका. ती टिनआयच्या नजरेस तो पहिल्यांदा पडल्याची तारीख आहे.

काहीच सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा करून, पुन्हा शोधा. शोधयंत्राला चकवण्यासाठी ही युक्ती सर्रास वापरतात. उलट्या फोटोची खूण बऱ्याचदा फोटोतच असते: एका फोटोत बाटलीचा कप्पा उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. तरीही हाती काही लागलं नाही तर फोटोचा एकच ठळक भाग, समजा पुढचा खिसा, कापून तेवढाच शोधा.

तोच फोटो, की तशीच दुसरी सॅक?

दोन दुकानांत सारखे दिसणारे फोटो सापडले. ते एकच आहेत की दोघांनी सारखीच सॅक वेगवेगळी मांडून फोटो काढले आहेत? इथे चौकडी कामाला येते.

चौकडीच्या कापडाचा तागा लांबच लांब असतो. कारखान्यात त्याचे थर एकावर एक रचून खिशाचे तुकडे कापतात. थर शेकडाभर असोत की वीस, प्रत्येक तुकड्यात चौकडी कडेला कुठे तुटते ती जागा थोडी थोडी सरकते. एकात डाव्या कडेला लाल पट्टी पूर्ण येते, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात नुसती कडा. त्यामुळे दोन फोटोंत खिशाच्या चारही कडांना चौकडी अगदी त्याच जागी तुटत असेल, तर दोन्ही फोटोंत एकच सॅक आहे असं समजायला हरकत नाही.

मग बघायचं की फोटोही एकच आहे का. त्यासाठी हलणाऱ्या गोष्टी बघा. चेनचा रनर कोणत्या कोनात लोंबतोय, खांद्याचा पट्टा कुठे दुमडलाय, कापडाला सुरकुती कुठे पडली आहे. सॅक पुन्हा मांडली की या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा येत नाहीत. तिन्ही जुळल्या तर फोटो एकच, मग रंग कितीही बदललेला असो.

लोगो पुसला असेल तर तेही चौकडीच सांगते. साध्या काळ्या कापडावरचा लोगो घालवणं सोपं असतं. चौकडीवरचा घालवायचा तर त्याखालच्या पट्ट्या पुन्हा काढाव्या लागतात, आणि त्या ठिकाणी एखादी रेघ किंचित वाकते, जाडी बदलते किंवा तेवढाच डाग धूसर दिसतो. खिशाचा मधला भाग आणि झाकणाची खालची कड मोठी करून बघा. लोगो बहुतेक तिथेच असतो.

खऱ्या फोटोंची निवड

ग्राहकांचे फोटो म्हणजे खरे फोटो, असं डोळे झाकून धरायचं नाही. काही विक्रेते जुन्या यादीतली वस्तू बदलतात आणि आधीचे अभिप्राय तसेच ठेवतात. त्यामुळे आज सॅक विकणाऱ्या पानावर वर्षभरापूर्वी कुणीतरी पाण्याच्या बाटलीचं कौतुक केलेलं सापडतं. काही ठिकाणी पाच रंग आणि तीन आकार यांचे अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा होतात. म्हणून अभिप्रायाखाली रंग आणि आकार लिहिला आहे का ते बघा, ताज्या तारखेचेच घ्या, आणि शंका आली तर ग्राहकाचा फोटोही शोधयंत्रात टाका. तोही उचललेला निघू शकतो.

निदान तीन वेगवेगळ्या ग्राहकांचे फोटो हवेत. एकाच्याच भरवशावर निकाल देऊ नये, कारण त्याला चुकीचं पार्सल गेलेलं असू शकतं. समोरून काढलेले, खिसा पूर्ण दिसेल असे फोटो सर्वांत उपयोगी. त्याहून उपयोगी म्हणजे आतल्या बाजूचा फोटो, जो तक्रार करणारेच सहसा टाकतात. म्हणून एक आणि दोन तारेवाले अभिप्राय आधी वाचा.

काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

रंग सोडून द्या. पिवळ्या बल्बखाली राखाडी कापड तपकिरी दिसतं, खिडकीतल्या उजेडात निळसर दिसतं, आणि प्रत्येक फोन आपापल्या मर्जीने रंग सुधारतो. शिवाय कापडाच्या दोन रंगाईतही थोडा फरक पडतोच. "फोटोतला लाल आणि आलेला लाल वेगळा" ही सर्वांत जास्त होणारी तक्रार असेल, पण पुरावा म्हणून सर्वांत लेचीपेची.

एकूण आकारावरही फार विसंबू नका. फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो आणि लांबचा आक्रसतो. कॅटलॉगचा फोटो लांबून, झूम करून काढतात, त्यामुळे तो सरळ दिसतो. त्यात सॅक ही मऊ वस्तू. कॅटलॉगसाठी आत कागद ठासून भरतात. पोट फुगलं की पुढून दिसणारी रुंदी कमी होते आणि सॅक उंच, सडपातळ दिसते. समजा फोटोत मोजल्यावर उंची रुंदीच्या 1.5 पट भरते आणि यादीतल्या तक्त्यात 42 बाय 32 सेंमी, म्हणजे 1.31 पट लिहिलंय. संशय यावा असाच हा फरक आहे, पण नुसत्या ठासून भरण्यानेही तो पडू शकतो. यावरून आरोप करू नये.

भरवसा ठेवायचा तो शिवणीवर. खिसा किती तुकड्यांचा आहे, जोड कुठे आहेत, चेन किती आणि तिला रनर एक की दोन, पट्टा कशात शिवलाय. उजेड, फोन, कोन यांपैकी कशानेही या गोष्टी बदलत नाहीत. त्या बदलायच्या तर कारखान्यात कापायचे साचे आणि शिवायचा क्रम बदलावा लागतो. म्हणजे फरक दिसला तर तो मालातच आहे.

एक उदाहरण, पुरतं सोडवून

आता समोर कॅटलॉगचा फोटो आणि तीन ग्राहकांचे फोटो आहेत, असं धरून चालू. हे उदाहरण पद्धत कळावी म्हणून रचलं आहे, पण यातले फरक अशा मालात नेहमी भेटणारेच आहेत.

पहिलं काम, पुढच्या खिशावरच्या चौकटी मोजणं. डाव्या शिवणीपासून उजव्या शिवणीपर्यंत कॅटलॉगमध्ये 9 चौकटी भरतात. ग्राहकांच्या तिन्ही फोटोंत साडेसहा. मोजणीला फोटो जवळून काढला की लांबून याने फरक पडत नाही, म्हणून ती पिक्सेल मोजण्यापेक्षा बरी. थोडा तिरपा फोटोही चालतो. अर्ध्या चौकटीचा फरक मी सोडून देईन, शिवणीत तेवढं कापड कमी-जास्त जातं. अडीच चौकटी मात्र शिवणीत जात नाहीत.

पण याचा अर्थ दोनपैकी एक काहीतरी: एकतर खिसा लहान आहे, किंवा चौकटीच मोठ्या आहेत. ते ठरवायला दुसरी मोजपट्टी हवी. सॅकवर ती असते, चेन. चेनला नंबर असतो, आणि नंबर म्हणजे साधारणपणे बंद केलेल्या दातांची मिलीमीटरमधली रुंदी. सॅकच्या खिशाला बहुधा 5 नंबरची चेन लावतात, म्हणजे दात सुमारे 5 मिमी. नंबर काही वेळा रनरच्या पाठीवर उठवलेला असतो. कॅटलॉगमध्ये एक चौकट दातांच्या चौपट भरते, म्हणजे सुमारे 2 सेंमी, आणि 9 चौकटींचा खिसा सुमारे 18 सेंमी. ग्राहकाच्या फोटोतही चौकट दातांच्या जवळपास चौपटच भरते. मग साडेसहा चौकटींचा खिसा झाला 13 सेंमी. खिसाच लहान आहे.

हा हिशोब दोन्ही चेनी एकाच नंबरच्या आहेत असं धरून केला आहे. स्वस्त मालात 3 नंबरची लावलेली असू शकते, तेव्हा चौकटही लहान असणार आणि खिसा आणखी छोटा निघेल. म्हणून शेजारी ओळखीच्या मापाची वस्तू असलेला फोटो सापडला तर तोच घ्या. ए4 कागद जगभर 210 बाय 297 मिमी असतो. बँकेच्या कार्डाच्या आकाराचं कोणतंही कार्ड 85.6 बाय 54 मिमी भरतं. वस्तू सॅकला टेकलेली असावी. पुढे ठेवलेली असेल तर ती उगाच मोठी दिसते.

दुसरं, चौकडी जुळते का. कॅटलॉगमध्ये खिशावरच्या पट्ट्या मागच्या अंगावरच्या पट्ट्यांना बरोबर मिळतात, इतक्या की खिसा लांबून दिसतच नाही. ग्राहकांच्या फोटोंत खिशावरची आडवी पट्टी अंगावरच्या पट्टीपेक्षा बोटभर खाली आहे. चौकडी जुळवायची तर प्रत्येक तुकडा बघून, सरकवून कापावा लागतो आणि बरंच कापड वाया जातं. खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री इथेच लागते. एका सॅकमध्ये पट्टी थोडी हुकली तर तो शिवणाऱ्याचा हात. तिन्हींत हुकली, आणि प्रत्येकीत वेगवेगळी हुकली, तर त्या कारखान्यात कुणी जुळवतच नाही.

तिसरं, कापड विणलेलं आहे की छापलेलं. रंगीत सुताच्या विणलेल्या चौकडीत आडवी आणि उभी पट्टी एकमेकींना छेदते तिथे रंग भरीव, गडद होतो आणि बाकी पट्टीत तो दुसऱ्या रंगाशी मिसळून फिका दिसतो. मोठं करून बघितलं तर अनेकदा विणीच्या बारीक तिरप्या रेघा दिसतात. मुख्य म्हणजे कापडाच्या उलट्या बाजूलाही तीच चौकडी असते. छापलेल्या कापडाची उलटी बाजू पांढरट किंवा फिक्कट. आपल्या उदाहरणात एका तक्रारदाराने खिशाच्या आतला फोटो टाकला आहे. अस्तर नाही, आणि आतून कापड पांढरट दिसतंय. कॅटलॉगच्या जवळच्या फोटोत मात्र तिरप्या रेघा स्वच्छ दिसतात. इथे तर मापाचाही प्रश्न उरत नाही, कापडच दुसरं आहे.

चौथं पट्ट्याचं, आणि ते थोडक्यात आटपतं. कॅटलॉगमध्ये खांद्याच्या पट्ट्याचं खालचं टोक एका त्रिकोणी तुकड्यात धरून त्यावर चौकोनात फुली अशी शिवण मारलेली आहे. ग्राहकांच्या फोटोंत पट्टा थेट बाजूच्या शिवणीत घुसवला आहे. सॅक फाटते ती बहुतेक याच जागी, त्यामुळे हा फरक दिसण्यापुरता नाही.

आता निकाल. खिसा, चौकडीची जुळणी, कापड आणि पट्टा, अशा चार ठिकाणी फरक, त्यातले तीन थेट शिवण-कापणीतले, आणि तिन्ही ग्राहकांकडे तेच. यादीतला फोटो या सॅकचा नाही. फक्त रनर वेगळा असता किंवा बाटलीचा कप्पा जाळीऐवजी कापडाचा असता तर मी एवढं ठामपणे म्हटलं नसतं. कंपन्या मधूनमधून असे बदल करतात आणि फोटो जुनेच राहतात. तेव्हा ताज्या तारखांचे अभिप्राय आणि जुने अभिप्राय वेगवेगळे ठेवून बघायचं: जुन्यांत जाळी आणि नव्यांत कापड असेल तर तो बदल आहे, फसवणूक नव्हे.

ग्राहकांचे फोटोच नसतील तर

यादी नवी असली की हीच अडचण येते. तेव्हा आधी यादीतले सहा फोटो एकमेकांशी ताडून बघा. ते दोन-तीन ठिकाणांहून गोळा केलेले असतील तर आपसात पटत नाहीत. पहिल्या फोटोत खिशाला दोन रनर आणि चौथ्यात एकच, किंवा मुलीच्या पाठीवरच्या सॅकला झाकण आहे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचीला नाही. कडेभोवती बारीक पांढरी किंवा काळपट रेघ दिसत असेल आणि खाली सावलीच नसेल, तर सॅक दुसऱ्या फोटोतून कापून इथे चिकटवली आहे. चांगल्या कंपन्याही पार्श्वभूमी कापतात, म्हणून नुसती रेघ पुरेशी नाही; पण आपसात न पटणारे फोटो आणि ही रेघ असं दोन्ही असेल तर सावध व्हा.

मग विक्रेत्याकडे फोटो मागा. "खरा फोटो पाठवा" असं मोघम मागितलंत तर कॅटलॉगमधलाच आणखी एक येतो. असा मागा की जो आधीपासून कुणाकडे असणंच शक्य नाही: "पुढच्या खिशाची चेन अर्धी उघडी ठेवा, खिशाशेजारी ए4 कागद सॅकला टेकवून धरा, कागदावर आजची तारीख हाताने लिहा आणि समोरून फोटो काढा." माल जवळ असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. "माल गोदामात आहे" हे उत्तर खरंही असू शकतं, कारण बरेच विक्रेते माल स्वतः हाताळत नाहीत. पण मग फोटोतलीच सॅक येईल याची खात्री त्यालाही नाही, एवढं धरून चाला. फोटो आलाच तर कागदाशेजारच्या चौकटी मोजायला विसरू नका. 210 मिमीच्या कडेशेजारी खिसा किती भरतो ते लगेच कळतं.

ऑर्डर देऊन झाली असेल तर

यादीचं पूर्ण पान आजच जपून ठेवा. सगळे फोटो, मापांचा तक्ता, विक्रेत्याचं नाव आणि पानाचा पत्ता स्क्रीनशॉटमध्ये यायला हवा. तक्रारी वाढल्या की विक्रेते फोटो बदलतात, आणि मग "फोटोत असं नव्हतं" हे दाखवायला हातात काही राहत नाही.

सॅक आली की फोटो कॅटलॉगच्या तोडीचा काढा, नाहीतर "तुमच्या कॅमेऱ्यामुळे तसं दिसतंय" हे उत्तर ठरलेलंच. आत जुने कपडे ठासून भरा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठेवा, दीड-दोन मीटर मागे जा आणि दुप्पट झूम करून सॅकच्या मध्याच्या उंचीवरून समोरून काढा. मग कॅटलॉगचा फोटो आणि तुमचा फोटो शेजारी शेजारी ठेवून एकच चित्र करा आणि दोन्हींवर खिशाच्या चौकटींना 1, 2, 3 असे आकडे घाला. तक्रारीत "दर्जा खराब आहे" असं लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. "फोटोत खिशावर 9 चौकटी आणि विणलेलं कापड आहे, आलेल्या सॅकवर साडेसहा चौकटी आणि छापलेलं कापड आहे, आतल्या बाजूचा फोटो जोडला आहे" असं लिहा, आणि परतीचं कारण निवडताना "फोटोपेक्षा वेगळी वस्तू" या अर्थाचा पर्याय निवडा. "आवडली नाही" निवडलंत तर काही ठिकाणी परतीचा खर्च तुमच्याच गळ्यात पडतो.